हसरा चेहरा डॉकमधून निघत नाही

पसारा मला बघवत नाही आणि बाबांना पसाऱ्याशिवाय करमत नाही. खामगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, अल्बम, आणि अधूनमधून कुणाच्या तरी साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, बॅनर. शूटिंग बाबांचं, अल्बम माझे. व्हिडिओचं एडिटिंग मात्र बाबा स्वतःच करत, आतल्या खोलीतल्या मोठ्या मॅकवर. त्या मॅकला मी हात लावलेला त्यांना आवडायचा नाही. मलाही तिथे बसावंसं वाटायचं नाही, कारण तो पडदा बघितला की माझं डोकं ठणकायला लागायचं.

मॅक न वापरणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पडद्याच्या खालच्या कडेला प्रोग्रॅमच्या चित्रांची एक पट्टी असते, तिला डॉक म्हणतात. ज्याचं काम काढायचं त्या चित्रावर टिचकी मारायची. वरच्या कडेला मेनूबार असतो. त्याच्या डाव्या टोकाला सफरचंद, त्याला लागून फाइल, एडिट वगैरे शब्द. उजव्या टोकाला घड्याळ, आणि घड्याळाच्या अलीकडे वायफायसारखी बारीक बारीक चित्रं. या दोन्ही पट्ट्या आपल्या मर्जीप्रमाणे लावता येतात. म्हणजे माणसाच्या स्वभावाप्रमाणे लागतात, असं म्हणायला हरकत नाही.

बाबांच्या डॉकमध्ये जे एकदा आलं ते परत गेलं नाही. कुणी सांगितलं हा प्रोग्रॅम चांगला, की तो घेतला. ज्या लग्नाचं काम सुरू, त्याचं फोल्डर डॉकच्या उजव्या टोकाला, कचऱ्याच्या टोपलीशेजारी ठेवलं. लग्न झालं, अल्बम गेला, त्या जोडप्याला पोर झालं, पोराच्या बारशाचं फोल्डर शेजारी येऊन बसलं, तरी लग्नाचं तिथेच. डॉक भरत गेला की चित्रं आपोआप लहान होतात. बाबांची चित्रं लहान होता होता तिळाएवढी झाली होती. मेनूबारमध्ये तीच गत. आवाज कमी-जास्त करणारं एक, मशीन किती तापलं सांगणारं एक, आणि एक कशाचं होतं ते बाबांनाही आठवत नव्हतं.

"बाबा, हे काय ठेवलंय?" मी विचारायची.

"राहू दे वं. तुले काय टोचून राह्यलं का ते?"

मला टोचायचंच.

उन्हाळ्यातल्या एका लग्नात बाबा कॅमेरा घेऊन उभे असताना खाली बसले. भोवळ आली, डोकं दुखायला लागलं, एक ओकारी झाली. भर दुपार, पत्र्याचा मांडव. सगळ्यांनी म्हटलं, ऊन लागलं. दवाखान्यातही तेच धरून चालले. सलाइन लावलं, रक्तदाब वाढलेला होता त्याच्या गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगून घरी पाठवलं. हातपाय ठीक, बोलणं ठीक, चहात साखर कमी पडली तर ओरडणंही ठीक. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

बाबा दवाखान्यात होते तेवढ्यात मी डाव साधला. आईला म्हटलं, स्टुडिओ झाडून येते, आणि खरोखर झाडला. आधी फरशी, मग मॅक.

फार मजा आली, खोटं कशाला बोलू. डॉकमधलं चित्र धरायचं, बाहेर ओढायचं, थोडं लांब नेलं की त्यावर 'रिमूव्ह' असं येतं, मग सोडून द्यायचं. चित्र जातं. प्रोग्रॅम जात नाही, तो आपल्या जागी शाबूत असतो. घरातलं भांडं फडताळात ठेवल्यासारखं. मी एकेक ओढत गेले आणि उरलेली चित्रं मोठी होत गेली. मध्ये जी उभी रेघ असते ती धरून वर ओढली की सगळा डॉक आणखी मोठा होतो, खाली ओढली की लहान. मी ती रेघ उगाच वरखाली करून बघितली. मेनूबारमध्ये कमांडची कळ दाबून चित्रं ओढली की त्यांची जागा बदलता येते. काही अशीच ओढून बाहेर टाकता येतात, काहींचा प्रोग्रॅमच बंद करावा लागतो. घड्याळ मात्र हलत नाही. ते कोपऱ्यातच.

मग मी शेवटची सुधारणा केली. व्हिडिओच्या कामात पडद्याच्या तळाची जागा मोलाची असते, तिथे सगळे तुकडे ओळीने पसरलेले असतात. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन डॉक तळातून उचलला आणि डाव्या कडेला उभा केला. शिवाय असा लपवला की माऊसचा बाण डाव्या कडेला नेला तरच बाहेर यावा. पडदा कोरा, सारवलेल्या अंगणासारखा. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

बाबा घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. संग्रामपूरला लग्न होतं. त्या मुलीच्या आईबापाचं लग्न बाबांनी रोलच्या कॅमेऱ्याने काढलेलं, आणि आता मुलीचंही तुम्हीच काढायचं असा त्या घराचा निरोप होता. बाबा इतकी वर्षं जातात तसे मोटरसायकलवर जाणार होते. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, टाकीवर ट्रायपॉड बांधलेला. आई म्हणाली, आत्ताच आजारातून उठलात. तेव्हा बाबांनी स्वतःच अट घातली.

"पहिले मशीनवर बसतो. एक गाणं पुरं कापून दाखोतो. तेवढं जमलं का मग गाडीवर. नाही जमलं तं नाही जात. झालं?"

आईला हे पटलं. मलाही पटलं. लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे गाण्यावर कापून जोडायचे, त्याला डोकं, डोळे, हात सगळं लागतं. ते जमलं तर गाडी चालवायला काय झालं? म्हणजे आता त्यांचं गाणं होणं न होणं यावर गाडी ठरणार होती, आणि तो मॅक मीच तर चकचकीत केला होता. मी मनात म्हटलं, बघा आता कसं पटकन होतं.

बाबा खुर्चीत बसले. पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"काऊन वं, डॉक कुठी गेला?"

"डावीकडे आहे बाबा. बाण कडेला न्या, येतो बाहेर."

त्यांनी बाण नेला. डॉक अगदी शहाण्यासारखा सरकत बाहेर आला.

"आला ना?" मी म्हटलं.

"कुठी आला? मले तं काही दिसून नाही राह्यलं."

मला वाटलं चिडून बोलतायत. न विचारता आवरलं याचा राग. बाबांचा राग असाच असतो, समोरचं दिसत नाही म्हणतात. मी लपवणं बंद केलं. डॉक आता डाव्या कडेला ठाण मांडून उभा होता. तरी बाबा माऊस उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "होता तसा खाली लाव. नवीन फॅशन मले नको."

लावला खाली. त्यावर त्यांचं समाधान झालं, पण अर्धंच. म्हणाले, डॉक दिसतो, पण त्यातलं बरंच काही तू काढून टाकलंस. तो ब्राउझर कुठंय? फोटोचं कुठंय? आता काढून टाकलं हे खरंच होतं, त्यामुळे मला भांडताही येईना. ते मागतील ते चित्र मी प्रोग्रॅमच्या फोल्डरमधून ओढून डॉकमध्ये परत ठेवू लागले, उजव्या बाजूला, रेघेच्या अलीकडे. ब्राउझर तर तिथेच होता, मी काढलाच नव्हता. मी बोट ठेवून दाखवला. बोट ठेवलं की त्यांना दिसायचा. "हा मंग आत्ता कुठून आला?" म्हणायचे.

याच दिवसांत घरात दुसरं एक सुरू झालं. बाबा जेवायला बसले की आधी विचारायचे, "ठेचा नाही केला का?" आई म्हणायची, वाढला आहे. बाबा म्हणायचे, कुठी वाढला? आई ताटात बोट दाखवायची. रोजचं झालं. आई वैतागून म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाले वळसा. दवाखान्यातून आले तवापासून ह्यायचं ध्यानच नाही ताटात." आणि ठेच्याचा गोळा आणखी मोठा वाढू लागली. तोही ताटात तसाच राहायचा. गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल असं आम्ही ठरवून टाकलं. माणसाला कारण सापडलं की तो पुढे शोधत नाही.

स्टुडिओत मात्र मला शोधावं लागत होतं, कारण तिथे काहीतरी विचित्र चाललं होतं आणि मला ते सुटत नव्हतं. मी उजवीकडे नवी चित्रं टाकायची, आणि बाबांची डावीकडची चित्रं हरवायची. सकाळी कॅलेंडर दिसायचं. मी दोन प्रोग्रॅम आणून ठेवले की दुपारी म्हणायचे, "कॅलेंडर काढलं का आता? तू एक देतं अन् एक काढून घेतं." मी बघायची तर कॅलेंडर जागच्या जागी.

आधी मला राग आला. मग हसू आलं. मग मात्र मला त्यातली गंमतच वाटायला लागली. मी मुद्दाम करून बघितलं. दोन चित्रं वाढवली, की डावीकडचं एक त्यांच्या हिशोबातून गेलं. दोन काढली, की एक परत आलं. डॉक पडद्याच्या मधोमध असतो. उजवीकडे भर घातली की सगळी रांग थोडी डावीकडे सरकते, दोन घातली की बरोबर एका चित्राइतकी. म्हणजे हरवणारं चित्र कुठलं, हे चित्रावर नव्हतं. ते कुठल्या जागी आलंय, यावर होतं. पडद्याच्या मध्यावर जणू एक न दिसणारा उंबरठा होता, आणि तो ओलांडला की चित्र गायब.

मला वाटलं पडद्यातच काही बिघाड असेल. बाबांच्या जागी बसून बघितलं. स्वच्छ दिसत होतं. मान तिरकी करून बघितलं, पाण्याने पुसून बघितलं. पडदा ठणठणीत.

आणखी एक लक्षात आलं. पूर्वी मॅक बंद करायचं काम बाबा कुणाला करू द्यायचे नाहीत. दुकान बंद करताना वर कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी, शट डाऊन, मग उदबत्ती. आता ते उठून जायचे आणि म्हणायचे, "मशीन बंद करजो." मी समजत होते की रुसलेत.

संग्रामपूरचं लग्न जवळ आलं होतं. बाबांचं गाणंही पुढे सरकत होतं, कारण कापणं-जोडणं ते कळांनी करायचे, हाताला सवय होती, आणि त्यांनी कामाची खिडकी कशी कुणास ठाऊक ओढून ओढून पडद्याच्या उजव्या भागात आणून ठेवली होती. गाणं होत आलं होतं. गाडी पुसून ठेवली होती. हवा भरून आणली होती. मी स्वतःच आणली होती.

त्या सकाळी मी म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले.

"बाबा, डॉकमध्ये काय काय दिसतं ते एकेक वाचा. मी सांगते कुठलं राहिलं."

"शाळा आहे का वं हे?"

"वाचा तर."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. फोटो. संगीत. एडिटिंगचं. मेसेजचं. सेटिंगचं चाक. रेघेपलीकडचं, संग्रामपूरसाठी आधीच करून ठेवलेलं फोल्डर. कचऱ्याची टोपली. थांबले.

"बस?"

"बस. एवढंच ठेवलं तूनं." मग अगदी मनापासून दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "बाकीचं तं बाकीचं, पण तो हसरा चेहरा बी काढला. तो तुले काय करून राह्यला होता?"

मी हसले. कारण आरोपच तसा होता. डॉकच्या पहिल्या जागेवर एक चौकोनी हसरा चेहरा असतो, अर्धा गडद निळा, अर्धा फिका. त्याला फाइंडर म्हणतात. सगळी फोल्डरं त्याच्यातून उघडतात. डॉकमधून कुठलंही चित्र काढता येतं, पण फाइंडर काढता येत नाही. टोपली काढता येत नाही, तसाच तोही काढता येत नाही. ओढला तरी जागचा हलत नाही. आवरताना मी तो ओढून बघितलाच होता.

"अहो बाबा, तो कुणालाच काढता येत नाही," मी हसत हसत म्हटलं.

आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं, तसं हसू जागच्या जागी थांबलं. मी काढलेला नाही. काढता येत नाही. तो तिथे आहे, मला दिसतोय. बाबा म्हणतायत नाही.

"वरच्या पट्टीत काय दिसतं?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"घड्याळ. वायफाय. सगळं बरोबर आहे वर."

"आणि सफरचंद?"

ते बघत राहिले. मग म्हणाले, "ते बी काढलं?"

सफरचंदही काढता येत नाही.

मी सेटिंग उघडलं आणि डॉक उजव्या कडेला उभा केला. "आता वाचा." बाबांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. हसरा चेहरा, ब्राउझर, कॅलेंडर, फोटो, झाडून सगळं. खूश झाले. "हां, आता कसं! आणलं ना वापस?" मी एकही चित्र आणलं नव्हतं. मग डॉक डाव्या कडेला नेला. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "आता पुरा डॉकच गेला."

मला फार भीती वाटली. पण भीतीच्या बरोबरीने डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती आणि ती मला थांबवता येत नव्हती. मी मॅक तसाच सोडला, बाबांना जेवायला घरी घेऊन गेले. घर स्टुडिओच्या वरच आहे. आईने ताट वाढलं. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली असते. भाजी, वरण उजवीकडे. मीठ, लिंबू, चटणी, ठेचा डावीकडे.

"ठेचा नाही केला का?" बाबा म्हणाले.

आई तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला खूण केली आणि बाबांचं ताट धरून अर्धं फिरवलं.

"हा काय," बाबा म्हणाले. "आत्ता वाढला." आणि ठेच्याला बोट लावून खुशीत जेवायला लागले. ताटाच्या दुसऱ्या बाजूला गेलेली भाजी मात्र तशीच राहिली. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात पोळी तशीच होती.

मी खाली जाऊन मोटरसायकलची किल्ली खिळ्यावरून काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

संध्याकाळी घरात महाभारत झालं. बाबांचं म्हणणं, गाणं दुपारी पुरं झालं आहे, म्हणजे अट पुरी झाली आहे, किल्ली दे. मी देत नाही म्हटलं. "मी आंधळा आहे का?" बाबा ओरडले. "तू समोर दिसून राह्यली. भिंत दिसून राह्यली. घड्याळात किती वाजले ते सांगू?" आणि खरं सांगायचं तर त्यांना सगळं दिसत होतं. काळोख नाही, धूसर नाही, काही नाही. त्यांच्या लेखी जग पुरं होतं. त्यातलं डावं तेवढं कुणीतरी आवरून ठेवलेलं, आणि ते कोणी ठेवलं याचाही त्यांना संशय होता. मी.

शेवटी मी म्हटलं, "बाबा, तुम्ही मशीनची अट घातली होती ना? मग मशीनवरच ठरू द्या. तो हसरा चेहरा डॉकमधून काढता येतो असं कुणीही दाखवून दिलं, तर ही किल्ली तुमची."

बाबा खाली गेले. मीही मागे गेले. मी डॉक परत तळाशी लावला. त्यांचा हात धरून बाण डाव्या टोकाला नेला. बाणामागे त्यांची नजर गेली, मान वळली. हसरा चेहरा सापडला. त्यांनी तो धरला आणि बाहेर ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. शेजारचा ब्राउझर ओढला, त्यावर 'रिमूव्ह' आलं. तो सोडून दिला, गेला. परत हसऱ्या चेहऱ्यावर आले. खूप वेळ ते तसेच ओढत राहिले. मग माऊस सोडला आणि मान समोर केली. मान समोर केल्याबरोबर तो त्यांच्यासाठी पुन्हा गेला असणार, हे मला कळलं, आणि त्यांनाही कळलं असावं.

"उद्या बुलढाण्याले जाऊ," ते म्हणाले.

बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी एका गोलाकार यंत्रात त्यांची हनुवटी टेकवली आणि हातात बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. मी बाजूला उभी होते. उजवीकडे ठिपका चमकला की बाबा लगेच दाबायचे, डावीकडे चमकला की शांत बसायचे, पुढच्याची वाट बघत. एक डोळा झाला, दुसरा झाला. कागद निघाला त्यात दोन्ही वर्तुळं डाव्या बाजूने काळी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी पाठवलेलं बघायचं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं, तिथे बहुतेक रक्त अडून धक्का बसला आहे, मांडवातली भोवळ ती हीच असावी. स्कॅनमध्ये तसंच निघालं. गोळ्या बदलल्या. पुन्हा होऊ नये म्हणून काय काय जपायचं ते सांगितलं.

"गेलेलं परत येईल का?" आईने विचारलं.

त्या म्हणाल्या, थोडंफार येईलही, सांगता येत नाही. पण मान वळवून बघायची सवय लागली तर पुष्कळ कामं करता येतील. गाडी मात्र नाही.

"लक्षात कसं आलं तुमच्या?" त्यांनी मला विचारलं. मी डॉकची हकिकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि पुन्हा एकदा सांगायला लावली.

परत येताना घाटात बाबा एकच बोलले. "गाडीवर गेलो असतो तं डाव्या अंगाले येणारं कोणीबी दिसलं नसतं वं मले. कोनाचं लेकरू असतं." मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे असे हात धरायची पद्धत नाही, पण त्यांनी काढून घेतला नाही.

संग्रामपूरला आम्ही दोघं एसटीने गेलो. बाबा मांडवात गेल्याबरोबर स्टेजच्या डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून नवरा-नवरी, वऱ्हाडी, सगळं त्यांच्या उजव्या हाताला येत होतं. मी दुसऱ्या टोकाला दुसरा कॅमेरा घेतला. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं उधळली. नवरीची आई बाबांना म्हणाली, भाऊ, माह्या लग्नातबी तुम्ही तिकडूनच काढून राह्यले होते का? बाबा हसले. "तवा चहूकडून पळत होतो."

त्या लग्नाचं काम सुरू होण्याआधी मी मॅक पुन्हा लावला. या वेळी पसाऱ्याच्या रागाने नाही. डॉक उजव्या कडेला उभा केला. मोजकीच चित्रं ठेवली आणि रेघ ओढून मोठी केली. अलीकडे वापरलेले प्रोग्रॅम आपोआप येऊन बसतात ते बंद केलं, म्हणजे रांगेची लांबी बदलायला नको. मेनूबारच्या उजव्या टोकाचं बाकी सगळं काढून घड्याळ आणि वायफाय ठेवलं. बाबांना जे लागेल ते बाबांच्या अर्ध्या जगात आणून दिलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि थोडं रडूही आलं.

बाबा येऊन बसले. डॉककडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, छान केलंस.

"हे काऊन इकडं आणलं?"

"तुम्हाला दिसावं म्हणून."

"अन् तिकडं काय ठेवलं?"

"तिकडे काही नाही. मोकळं."

"तिकडं काहीच नाही तं मी तिकडं पाहू कायले?" बाबा म्हणाले. "डावीकडं लाव. जसं तूनं पहिल्या खेपेले लावलं होतं तसं. लपवू नको फक्त."

मी लावला. डाव्या कडेला, वरपासून खाली. बाबा समोर बघत बसले होते. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली, हळूहळू, अवघडलेल्या माणसासारखी, खूप लांबपर्यंत, पार खांद्याकडे. डोळे कडेवरून वर सरकत गेले आणि एका जागी थांबले.

"आहे," ते म्हणाले.

आता रोज सकाळी मशीन सुरू झालं की ते आधी मान वळवतात, हसरा चेहरा दिसला की "आहे" म्हणतात आणि मग कामाला लागतात. ठेचाही आई डावीकडेच वाढते. मोटरसायकल मी चालवते. बाबा मागे बसतात आणि प्रत्येक वळणावर माझ्या डाव्या खांद्यावरून वाकून बघतात. मला त्याने गाडी सांभाळणं जड जातं, पण मी त्यांना सरळ बसा म्हणत नाही.